उताऱ्यातले आणि उताऱ्याबाहेरचे
(हीरक महोत्सवी व्याख्यानमालेतील भाषण)



हीरक महोत्सवाच्या या व्याख्यानमालेत आधीच्या वक्त्यांनी शाळेच्या वाटचालीविषयी सांगितले. मी आज वर्गातल्या एका लहानशा पण नित्याच्या अडचणीविषयी बोलणार आहे. इतिहासाच्या प्रश्नपत्रिकेत एक उतारा छापलेला असतो. तो कधी एखाद्या पत्राचा असतो, कधी सरकारी अहवालाचा, कधी एखाद्याच्या साक्षीचा. त्याखाली तीन-चार प्रश्न असतात. विद्यार्थी उतारा वाचतो, त्याला तो कळतो, विषयही त्याच्या अभ्यासातला असतो. तरीही लिहायला बसल्यावर त्याच्यापुढे पेच उभा राहतो : उताऱ्यात आहे तेवढेच लिहायचे, की मला ठाऊक आहे तेही लिहायचे? अभ्यासू विद्यार्थ्याला हा पेच अधिक छळतो, कारण त्याच्याजवळ लिहिण्यासारखे अधिक असते. गुण जातात तेही बहुधा त्याचेच.

या पेचावर वर्गात सहसा एक सोपा तोडगा दिला जातो : ‘प्रश्नात उताऱ्याच्या आधारे असे म्हटले असेल तर बाहेरचे काही लिहू नका.’ तोडगा चुकीचा नाही, पण अपुरा आहे. कित्येक प्रश्नांत असे काहीच म्हटलेले नसते, आणि ज्यांत म्हटलेले असते त्यांतही उतारा समजण्यासाठी बाहेरची माहिती लागतेच. म्हणून मी हीच गोष्ट थोड्या निराळ्या रीतीने मांडते. आपली माहिती उतारा वाचताना नेहमी लागते. उत्तरात ती उतरवायची मात्र प्रश्नाने मागितली तरच. वाचताना माहिती दिव्यासारखी असते. तिच्या उजेडात आपल्याला अक्षरे दिसतात, पण तो दिवा उत्तरपत्रिकेवर आणून ठेवायचा नसतो. काही प्रश्न मात्र त्या दिव्याचीच चौकशी करतात. हे दोन प्रकार ओळखायचे कसे, एवढाच आजचा विषय आहे.

उदाहरणासाठी मी आपल्या सर्वांच्या परिचयाचा एक दस्तऐवज घेते. १८८२ साली व्हाइसरॉय लॉर्ड रिपन यांनी सर विल्यम हंटर यांच्या अध्यक्षतेखाली शिक्षण आयोग नेमला. या आयोगापुढे महात्मा जोतीराव फुले यांनी त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये पुण्याहून एक लेखी निवेदन सादर केले. मूळ निवेदन इंग्रजीत आहे. त्यातला एक भाग प्रश्नपत्रिकेत उतारा म्हणून आला आहे असे आपण समजू. त्याचा आशय मी माझ्या शब्दांत सांगते.

जोतीराव सांगतात की, शिक्षणक्षेत्रातील आपला अनुभव मुख्यतः पुणे शहर आणि त्याभोवतालची खेडी यांच्यापुरता आहे. सुमारे पंचवीस वर्षांपूर्वी पुण्यात मिशनऱ्यांनी मुलींची शाळा काढली होती, परंतु एतद्देशीयांची अशी शाळा नव्हती. म्हणून साधारण १८५४ च्या सुमारास आपण तशी शाळा काढली आणि तीत आपण व आपली पत्नी यांनी अनेक वर्षे मिळून काम केले. पुढे महार-मांग मुलांसाठीही शाळा काढल्या. तत्कालीन शिक्षण मंडळाचे अध्यक्ष सर अर्स्किन पेरी यांनी मुलींच्या शाळांना भेट दिली आणि ते संतुष्ट झाले. निवेदनाच्या पुढच्या भागात ते अशी मागणी करतात की, प्राथमिक शिक्षण विशिष्ट वयापर्यंत, निदान बाराव्या वर्षापर्यंत, सक्तीचे करावे. मुलांना मोडी व बाळबोध वाचन-लेखन, हिशेब, इतिहास-भूगोल व व्याकरण यांची तोंडओळख, शेतीचे प्राथमिक ज्ञान, नीती आणि आरोग्य हे विषय शिकवावेत.

या उताऱ्यावर आपण चार प्रश्न काढू आणि एकेक सोडवून पाहू.

पहिला प्रश्न एका गुणाचा : ‘उताऱ्यानुसार जोतीरावांनी मुलींची शाळा केव्हा काढली?’

येथेच अभ्यासू विद्यार्थी अडखळतो. त्याने पाठ्यपुस्तकात वाचलेले असते की जोतीराव आणि सावित्रीबाई यांनी पुण्यात भिडे वाड्यात मुलींची शाळा सुरू केली ती १८४८ साली. उताऱ्यात तर १८५४ आहे. तो विचार करतो, छापण्यात चूक झाली असावी, आणि उत्तरात १८४८ लिहून मोकळा होतो. काही जण दोन्ही वर्षे लिहितात आणि निवड परीक्षकावर सोपवतात. दोन्ही उत्तरे प्रश्नाला सोडून आहेत. शाळा खरोखर केव्हा निघाली हे प्रश्नाने विचारलेलेच नाही. उताऱ्यात काय म्हटले आहे, एवढेच त्याने विचारले आहे. ‘उताऱ्यानुसार’ या एका शब्दाने प्रश्नाचा विषय बदलतो. शाळा हा विषय मागे राहतो आणि उतारा हाच विषय होतो. म्हणून उत्तर एवढेच : उताऱ्यानुसार साधारण १८५४ च्या सुमारास. त्यातला ‘साधारण’ आणि ‘सुमारास’ हे शब्दही गाळू नयेत, कारण तेही उताऱ्यातलेच आहेत आणि पुढे त्यांचा उपयोग होणार आहे. मनात उठलेली १८४८ ची शंका विसरायची नाही. ती मनात बाजूला ठेवायची. तिची वेळ येईल.

दुसरा प्रश्न दोन गुणांचा : ‘आपल्या अनुभवाच्या मर्यादेविषयी निवेदनकर्त्याची भूमिका कशी आहे, हे उताऱ्यावरून स्पष्ट करा.’

हा प्रश्नही उताऱ्यावरच आहे, पण पहिल्यासारखा एक शब्द उचलून देण्याचा नाही. येथे अनुमान करायचे आहे. अनुमान म्हणजे बाहेरची माहिती नव्हे, हे मुलांना मुद्दाम सांगावे लागते. आपला अनुभव पुणे आणि आसपासच्या खेड्यांपुरता आहे, असे जोतीराव सुरुवातीलाच सांगून टाकतात. ज्याला साऱ्या देशाचे जाणकार म्हणून मिरवायचे असते तो असे म्हणत नाही. मर्यादा आधी सांगून मग मत मांडणारी व्यक्ती प्रामाणिक साक्षीदाराची भूमिका घेते, हे अनुमान उताऱ्यातील वाक्यावरच उभे आहे. त्यासाठी सत्यशोधक समाज १८७३ मध्ये स्थापन झाला, ‘शेतकऱ्याचा असूड’ हा ग्रंथ त्यांनीच लिहिला, यांतले काहीही लिहिण्याची गरज नाही. या प्रश्नावर जोतीरावांचे सारे चरित्र लिहिणाऱ्या उत्तराला परीक्षक गुण देऊ शकत नाही, कारण दोन गुणांचा मुद्दा त्या चरित्रात कोठेच आलेला नसतो.

मग अनुमान आणि बाहेरची माहिती यांत फरक कसा ओळखावा? मी मुलांना एक कसोटी देते. उत्तरातल्या प्रत्येक वाक्यासाठी स्वतःला विचारा : हे मी उताऱ्यातल्या कोणत्या ओळीवरून म्हणतो आहे? बोट ठेवता आले तर ते वाक्य उताऱ्यातले किंवा उताऱ्यावरून काढलेले आहे. बोट ठेवायला ओळ सापडली नाही तर ते बाहेरचे आहे, मग ते कितीही खरे असो. कितीही खरे असले तरी, हे शब्द येथे महत्त्वाचे आहेत. मुलांना वाटते की खरे लिहिले तर गुण कापायचे कशाला? पण प्रश्न खरे-खोटे विचारत नसून उताऱ्यातले आहे की नाही, हे विचारत असतो.

येथे मराठीच्या शिक्षकांसाठी एक गोष्ट सांगते, कारण घोटाळ्याचे एक मूळ भाषेच्या तासात आहे. मराठीच्या प्रश्नपत्रिकेत गद्य उताऱ्यावर आधी आकलनाच्या कृती येतात आणि शेवटी ‘स्वमत’ येते. वर्षानुवर्षांच्या सवयीने मुलाच्या मनात असे ठसते की उताऱ्याखालच्या शेवटच्या प्रश्नात आपले मन मोकळे करायचे. इतिहासाच्या उताऱ्याखालचा शेवटचा प्रश्न बाहेरचे काही मागतो, पण तो मत मागत नाही, माहिती मागतो. ‘मला वाटते की शिक्षण सर्वांना मिळालेच पाहिजे, कारण शिक्षण हा जीवनाचा पाया आहे’ हे भाषेच्या उत्तरात चालेल. इतिहासाच्या उत्तरात या वाक्याला काहीच वजन नाही, कारण त्यात पडताळून पाहता येईल अशी एकही गोष्ट नाही. हा फरक दोन्ही विषयांच्या शिक्षकांनी मिळून सांगितला तर मुलांचा बराच गोंधळ कमी होईल.

आता तिसरा प्रश्न, चार गुणांचा : ‘सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाची जोतीरावांची मागणी पुढील काळात कितपत मान्य झाली? उतारा आणि तुमची माहिती यांच्या आधारे लिहा.’

येथे प्रश्नाने स्पष्टच परवानगी दिली आहे. खरे तर ती परवानगी नसून आज्ञा आहे. उतारा १८८२ चा आहे आणि प्रश्न त्यानंतरच्या काळाविषयी आहे. उतारा कितीही वेळा वाचला तरी त्यात पुढचा काळ सापडणार नाही. येथे उताऱ्यातच घोटाळत राहणारा विद्यार्थी जोतीरावांची मागणी तीन वेगवेगळ्या वाक्यांत तीनदा सांगतो आणि त्याला वाटते की उत्तर भरपूर झाले. दुसरा विद्यार्थी उतारा विसरून भारतातील शिक्षणाचा इतिहास लिहू लागतो, आणि त्यात जोतीरावांची मागणी कोठे आली हे परीक्षकाला शोधावे लागते. चांगले उत्तर दोन्ही टोके टाळते. ते मागणीपासून निघते आणि प्रत्येक पायरीवर मागणीकडे वळून पाहते. असे उत्तर आपण येथे रचून पाहू.

‘जोतीरावांनी निदान बाराव्या वर्षापर्यंत प्राथमिक शिक्षण सक्तीचे करावे अशी मागणी केली. हंटर आयोगाने प्राथमिक शिक्षण स्थानिक संस्थांकडे सोपवण्याची शिफारस केली, परंतु सक्तीची मागणी स्वीकारली नाही. संस्थानांत मात्र ती आधी अमलात आली. बडोद्यात सयाजीराव गायकवाड यांनी १८९३ मध्ये अमरेली भागात आणि १९०६ मध्ये संपूर्ण राज्यात सक्तीचे शिक्षण लागू केले. कोल्हापुरात शाहू महाराजांनी १९१७ मध्ये तसा निर्णय घेतला. ब्रिटिश हद्दीत गोपाळ कृष्ण गोखले यांनी १९११ मध्ये मांडलेले विधेयक पुढच्या वर्षी फेटाळले गेले. स्वातंत्र्यानंतर राज्यघटनेच्या मार्गदर्शक तत्त्वांत चौदा वर्षांपर्यंतच्या मुलांना मोफत व सक्तीचे शिक्षण देण्याचे उद्दिष्ट आले, आणि २००२ च्या घटनादुरुस्तीने सहा ते चौदा वर्षांच्या मुलांसाठी ते मूलभूत हक्क झाले. म्हणजे मागणी तत्त्वतः मान्य झाली, वयोमर्यादाही बारावरून चौदावर गेली, पण त्यासाठी एकशे वीस वर्षे लागली.’

या उत्तरात बाहेरची माहिती भरपूर आहे, पण एकही वाक्य सुटे नाही. सुरुवात उताऱ्यातील मागणीने झाली आणि शेवट ‘कितपत’ या शब्दाला उत्तर देऊन झाला. मधल्या साऱ्या सनावळ्या या दोन टोकांमध्ये बांधलेल्या आहेत. परीक्षेत इतके सगळे आठवलेच पाहिजे असे नाही. बडोदा, गोखल्यांचे विधेयक आणि घटनेतील तरतूद एवढ्या तीन गोष्टी नीट आल्या तरी उत्तर उभे राहते. मात्र त्याच वेळी भिडे वाडा, शेणमाती, दगडधोंडे ही सारी माहिती आणून ओतली तर ती खरी असूनही येथे परकी आहे, कारण ती सक्तीच्या शिक्षणाविषयी काही सांगत नाही. बाहेरचे मागितले म्हणजे बाहेरचे सर्व मागितले असे होत नाही. प्रश्नाने ज्या दाराने आत बोलावले आहे त्याच दाराने माहिती आत यायला हवी.

चौथा प्रश्न सर्वांत कठीण आहे, कारण त्यात कोणतीही सूचना नाही : ‘मुलींच्या शाळेच्या स्थापनेचे वर्ष ठरवण्यासाठी हे निवेदन कितपत विश्वसनीय आहे?’

‘उताऱ्यानुसार’ नाही, ‘तुमच्या माहितीच्या आधारे’ही नाही. येथे शब्द मदतीला येत नाहीत, म्हणून प्रश्नाचे कार्य पाहायचे. विश्वसनीयता म्हणजे काय? एखादे विधान दुसऱ्या कशाशी तरी ताडून पाहणे. एकटा उतारा स्वतःला ताडू शकत नाही. म्हणून ‘कितपत विश्वसनीय’, ‘कितपत उपयुक्त’, ‘तुम्ही सहमत आहात का’, ‘मूल्यमापन करा’ अशा प्रश्नांना बाहेरची माहिती लागतेच, प्रश्नाने ती नाव घेऊन मागितली नसली तरी. पहिल्या प्रश्नाच्या वेळी मनात बाजूला ठेवलेली १८४८ ची शंका आता बाहेर काढायची.

पण केवळ ‘पाठ्यपुस्तकात १८४८ आहे, म्हणून उतारा चूक’ असे लिहून भागत नाही. तसे लिहिले तर आपण एका कागदाविरुद्ध दुसरा कागद उभा करतो आणि निवाडा मात्र देत नाही. जरा बारकाईने पाहू. उताऱ्यातच एक दुवा आहे. सर अर्स्किन पेरी यांनी शाळांना भेट दिली असे जोतीराव सांगतात. पेरी हे मुंबईचे सरन्यायाधीश आणि शिक्षण मंडळाचे अध्यक्ष होते, आणि ते १८५२ मध्ये पद सोडून इंग्लंडला परतले. ज्यांनी १८५२ मध्ये देश सोडला त्यांनी १८५४ च्या सुमारास निघालेली शाळा पाहिली असणे शक्य नाही. शिवाय नोव्हेंबर १८५२ मध्ये पुण्यातील विश्रामबाग वाड्यात जोतीरावांचा त्यांच्या शैक्षणिक कार्याबद्दल सरकारतर्फे मेजर कँडी यांच्या हस्ते सत्कार झाला होता. काम दोन वर्षांनी सुरू व्हायचे असते तर सत्कार आधी झाला नसता. म्हणजे शाळा १८५२ च्या आधीच निघालेली होती, हे उतारा आणि बाहेरची माहिती एकत्र ठेवल्यावर निश्चित होते. १८४८ हे आपण शिकतो ते वर्ष त्याच्याशी सुसंगत आहे.

मग जोतीरावांनी १८५४ का लिहिले? निवेदन लिहिताना त्या घटनेला तीसहून अधिक वर्षे लोटली होती, आणि त्यांनी स्वतःच ‘साधारण’ व ‘सुमारास’ असे शब्द वापरले. स्मरणावरून लिहिलेल्या सनात असा फरक पडणे स्वाभाविक आहे. आयोगाला सांगायचा मुद्दा सनाचा नव्हता, शेतकरी आणि कष्टकरी यांच्या मुलांना शिक्षण मिळत नाही हा होता. म्हणून उत्तराचा शेवट असा व्हावा : स्थापनेचे नेमके वर्ष ठरवण्यासाठी हे निवेदन एकटे विश्वसनीय नाही. मात्र जोतीरावांचे शिक्षणविषयक विचार आणि मागण्या काय होत्या, हे समजण्यासाठी ते स्वतः कर्त्याच्या हातचे, अव्वल साधन आहे. ‘कितपत’ या शब्दाचे खरे उत्तर असेच असते. एका कामासाठी विश्वसनीय, दुसऱ्यासाठी नाही.

पहिल्या आणि चौथ्या प्रश्नाकडे पुन्हा एकत्र पाहावे, ही माझी विनंती आहे. तोच उतारा, तेच वर्ष. पहिल्या प्रश्नात १८५४ लिहिणे बरोबर आहे आणि चौथ्यात त्याच १८५४ वर शंका घेणे बरोबर आहे. यात विसंगती नाही. साक्षीदार काय म्हणाला हे आधी जसेच्या तसे टिपायचे आणि मग ते पटते का हे तपासायचे. न्यायालयात हाच क्रम असतो आणि इतिहासातही. साक्ष टिपतानाच ती दुरुस्त करणारा कारकून जसा निरुपयोगी, तसाच टिपलेली साक्ष कधीच न तपासणारा न्यायाधीशही.

आता आपल्या भिलाईच्या मुलांविषयी एक गोष्ट. समजा उतारा दुसऱ्या पंचवार्षिक योजनेवरचा आहे आणि त्यात सोव्हिएत सहकार्याने उभारलेल्या भिलाई पोलाद कारखान्याचा उल्लेख आहे. या गावचे मूल असा उतारा पाहून हरखून जाते. घरात आजोबांनी सांगितलेल्या कितीतरी गोष्टी त्याला ठाऊक असतात : रशियन अभियंते कोठे राहत, पहिल्या भट्टीच्या वेळी गर्दी कशी होती. ‘तुमची माहिती’ म्हणजे हेच, असे त्याला वाटते. त्याला सांगावे लागते की परीक्षेतील ‘तुमची माहिती’ म्हणजे जी दुसऱ्यालाही पडताळता येईल ती. पहिल्या झोतभट्टीचे उद्घाटन राष्ट्रपती राजेंद्रप्रसाद यांनी फेब्रुवारी १९५९ मध्ये केले, त्याच योजनेत रूरकेला पश्चिम जर्मनीच्या आणि दुर्गापूर ब्रिटनच्या साहाय्याने उभे राहिले, ही माहिती चालेल. आजोबांची आठवण मोलाची आहे, ती लिहून ठेवावी, पण ती स्वतः एक नवा उतारा आहे. तिचीही अशीच तपासणी करावी लागेल. उत्तरात ती पुरावा म्हणून वापरता येत नाही.

येथील मुलांपुढे भाषेचाही एक प्रश्न आहे. आज मराठीत वाचणारे मूल पुढे हिंदी किंवा इंग्रजी प्रश्नपत्रिका सोडवते. हिंदीत ‘स्रोत के आधार पर’ किंवा ‘दिए गए अनुच्छेद के अनुसार’ असे आले तर उताऱ्यातच राहावे. ‘आलोचनात्मक परीक्षण कीजिए’ असे आले तर बाहेर जाणे भाग आहे. केंद्रीय मंडळाच्या दहावीच्या प्रश्नपत्रिकेत उताऱ्यावरचा प्रश्न चार गुणांचा असून तो एक, एक आणि दोन अशा उपप्रश्नांत विभागलेला असतो. त्यांतील एकेक गुणाचे प्रश्न बहुधा उताऱ्यातच मिटतात आणि दोन गुणांच्या प्रश्नात स्पष्टीकरणाला थोडी जागा असते. आपल्यापैकी काहींची नातवंडे ब्रिटनमध्ये शिकत असतील. तेथील सोळाव्या वर्षाच्या परीक्षेत उपयुक्ततेच्या प्रश्नात साधन आणि त्या काळाचे ज्ञान दोन्ही वापरा, असे स्पष्ट लिहिलेले असते. आपल्याकडे ते पुष्कळदा लिहिलेले नसते, म्हणून आपल्या मुलांना प्रश्नाचे क्रियापद वाचायला शिकवणे अधिक गरजेचे आहे. ‘शोधा, सांगा, लिहा’ ही क्रियापदे उताऱ्यात ठेवतात. ‘मूल्यमापन करा, तपासा, कितपत’ हे शब्द उताऱ्याबाहेर नेतात. ‘स्पष्ट करा’ मात्र दोन्हीकडे जाऊ शकते, आणि तेथे गुण पाहावेत. एक-दोन गुणांचे ‘स्पष्ट करा’ बहुधा उताऱ्यातले असते. चार गुणांचे बहुधा नसते. हा आडाखा आहे, नियम नव्हे. प्रश्नातच उलट सूचना असेल तर सूचनाच मानावी.

वर्गात सरावासाठी एक पद्धत उपयोगी पडते. उत्तर लिहून झाल्यावर मुलाने पेन्सिलीने प्रत्येक वाक्याच्या समासात एक अक्षर लिहावे. उताऱ्यावर बोट ठेवता येत असेल तर ‘उ’, नसेल तर ‘मा’, म्हणजे माहिती. मग उत्तर वाचायची गरज नाही, फक्त समास पाहावा. एका गुणाच्या उत्तराशेजारी ‘मा’ दिसला तर काहीतरी चुकले आहे. चार गुणांच्या ‘कितपत’च्या उत्तरात सगळेच ‘उ’ असतील तर उत्तर अपुरे आहे, आणि सगळेच ‘मा’ असतील तर उतारा विसरला गेला आहे. चांगल्या उत्तरात ‘उ’ आणि ‘मा’ एकमेकांत मिसळलेले दिसतात. सराव पक्का झाला की हे पेन्सिलीचे काम मूल मनातल्या मनात करू लागते, आणि परीक्षेत त्याला वेगळा वेळ द्यावा लागत नाही.

एक सूचना शिक्षकांसाठी. उताऱ्याच्या वर किंवा खाली लहान अक्षरांत एक ओळ असते : कोणी लिहिले, कोणासाठी, केव्हा. मुले ती वगळतात. ती ओळ उताऱ्याचाच भाग आहे. ‘१८८२, शिक्षण आयोगापुढील निवेदन’ एवढ्या ओळीवरून हे सरकारला उद्देशून लिहिलेले आहे आणि घटनांनंतर बऱ्याच वर्षांनी लिहिलेले आहे, हे दोन्ही निष्कर्ष निघतात, आणि दोन्हींच्या समासात ‘उ’च लागतो. जे मूल ही ओळ वाचते त्याला चौथ्या प्रश्नाचे अर्धे उत्तर बाहेर न जाताच सापडते.

साठ वर्षांत या शाळेतून बाहेर पडलेल्यांपैकी फारच थोड्यांना पुढे इतिहासाचे उतारे सोडवावे लागले असतील. पण भाडेपट्टा, बदलीचा आदेश, न्यायालयाची नोटीस हे कागद प्रत्येकाच्या हाती आले असतील. त्या वेळी कागदात काय लिहिले आहे आणि आपल्याला काय वाटते, काय ठाऊक आहे, हे वेगवेगळे ठेवता आले असेल तर तो सराव येथल्याच बाकांवर झाला होता, असे मला समाधानाने म्हणता येईल.